गोष्टीतला आवाज (लेखांक सहावा): कागलची मावशी आणि सिनेमातलं खेडं

मागच्या लेखांकात आपण शहरी पात्रांच्या संवादातला पुस्तकीपणा कसा काढायचा ते पाहिलं. या आठवड्यात त्याहून अवघड काम हाती घेऊ. खेड्यातलं पात्र बोलायला लागलं की त्याच्या तोंडी बोली किती आणि कशी घालायची? काहीच घातली नाही, तर शेतकरी तालुक्याच्या कचेरीतून आलेल्या पत्रासारखा बोलतो. भरमसाट घातली, तर त्याचं सोंग होतं. नियम सांगत बसण्यापेक्षा एकच प्रसंग घेऊन तो दोनदा लिहून पाहू.

प्रसंग कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागल भागातला आहे. साठीतली एक बाई, आडसाली उसाची मालकीण. तिच्या उसाला तुरा आलाय. तुरा आला की उसाची वाढ थांबते, पुढे कांडी पोकळ पडतात आणि वजन घटतं. तोडीसाठी ती साखर कारखान्याच्या चिटबॉयकडे, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्या पोराकडे, आली आहे. तिच्या नंतर नोंद झालेला पाटलाचा ऊस मात्र केव्हाच कारखान्यात पोचला आहे.

हौशी लेखकाच्या पहिल्या खर्ड्यात ती बहुधा अशी बोलते:

«आगं बया! म्या तीन येळा आलू की वो तुमच्याकडं! आमची नोंद आदी झालीया न्हवं, आन् पाटलाचा ऊस आमच्या मागनं नोंदवूनशान बी ग्येला! तुमी आमास्नी तोड कंदी देनार हाय?»

हे वाचून कोल्हापूरकर हसेल, पण बाईच्या बोलण्यावर नाही, लेखकावर. यात बोलीचं व्याकरणच मोडलं आहे. «म्या» हे रूप बोलीत सरसकट चालत नाही. «म्या सांगितलं», «म्या काय करावं» इथे ते बसतं, कारण प्रमाण मराठीत आपण त्या जागी «मी» म्हणत असलो तरी ती जागा तृतीयेची आहे. «आलो»बरोबर कर्ता प्रथमेत असतो, तिथे बोलीतही «मी»च येतो. «तुमी देनार हाय» हेही तसंच. कर्ता अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी, असा घोळ इथली बोली घालत नाही. कोल्हापूरकडे आदरार्थी बोलताना क्रियापदाला «सा» लागतो: कवा आलासा, काय करतासा, तोड कवा देतासा. म्हणजे ज्या जागी बोलीचा स्वतःचा काटेकोर नियम आहे, त्याच जागी लेखकाने तिला अशुद्ध करून ठेवलं. विडंबनाचं मूळ इथे आहे. लेखक बोलीला वेगळी भाषा न समजता प्रमाण भाषेची बिघडलेली आवृत्ती समजतो, आणि मग जेवढं बिघडवू तेवढं खेडवळ, असा त्याचा हिशेब होतो.

दुसरा दोष लेखनाचा. «येळा», «आदी», «ग्येला», «आन्» अशी उच्चाराबरहुकूम अक्षरं फक्त खेडुताच्या वाट्याला येतात. पुण्यातला प्राध्यापकही बोलताना «नाही»चं «नाई» करतो. तरी गोष्टीत त्याचं बोलणं स्वच्छ छापलं जातं. एकाचे उच्चार टिपायचे आणि दुसऱ्याचे झाकायचे, याचा अर्थ वाचकापर्यंत न सांगता पोचतो: हा चुकीचं बोलतो, तो बरोबर. शिवाय एकदा «पानी» लिहिलं की «कोन», «म्हनून», «आनि» हे सगळं शेवटच्या पानापर्यंत सांभाळावं लागतं. दोनशे पानांच्या कादंबरीत ते सहसा सांभाळलं जात नाही. काही लेखकाकडून सुटतं, काही मुद्रितशोधक दुरुस्त करतो, आणि तेच पात्र एका पानावर «पानी» पितं, पुढच्या पानावर «पाणी». म्हणून उच्चारातले फरक बव्हंशी सोडून द्यावेत आणि बोलीचं व्याकरण धरावं. वाचकाच्या कानात सूर बसला की उच्चार तो स्वतःच भरून घेतो.

आता हाच प्रसंग दुसऱ्यांदा:

«दादा, तिसऱ्यांदा आलो. नोंद आमची आधी, आणि फड गेला पाटलाचा. हे कसं वो?»

«मावशी, टोळीच नाही. मी काय करू?»

«टोळी नाही. मग पाटलाच्या फडात काय भुतं तोडालती?»

«सायबांनी यादी दिली तसं करालोय मी.»

«तुरा आलाय उसाला. कांडी पोकळ पडायला लागली. तोड कवा देतासा, तेवढं सांगा.»

तो वहीत बघत राहिला.

«चिपाड व्हायची वाट बघालायस काय रं?»

इथे «नाही», «आणि», «आधी» हे शब्द प्रमाण लेखनातच आहेत. «सायबांनी» एवढा एकच उच्चार घेतला, कारण कारखान्यातल्या साहेबाला गावात त्याच नावाने ओळखतात. तरी बाई कागलचीच वाटते. त्याला कारण मोजकी रूपं आहेत. «करालोय», «बघालायस», «तोडालती» ही चालू क्रिया सांगणारी रूपं त्या भागाची ओळख आहेत. «देतासा»मधला «सा» आहे. «कवा» हा शब्द आहे. आणि बाई स्वतःबद्दल «आलो» म्हणते. कोल्हापूर भागात अनेक बायका-मुली «मी आलो», «मी जातो» असंच बोलतात. बाहेरच्या वाचकाला ही छपाईची चूक वाटू शकते, म्हणून पुढच्याच ओळीत चिटबॉयने तिला «मावशी» म्हणून ठेवलं आहे. अनोळखी रूप वापरायचं तर त्याचा अर्थ उलगडणारी खूण जवळच असावी. कंसात किंवा तळटीपेत अर्थ देण्याची वेळ आली, तर ते रूप त्या जागी नको होतं असं समजावं.

सगळ्यात मोलाचं काम «सा»ने केलं आहे. बाई सुरुवातीला आदराने बोलते: «दादा», «वो», «देतासा», «सांगा». पोरगा गप्प बसतो आणि शेवटच्या ओळीत ती «बघालायस काय रं» वर येते. तिचा संताप कुठेही वर्णन करून सांगितलेला नाही, तो «सा» गळून पडल्यावर कळतो. बोली अशी कामाला लागली की ती वरून चढवलेला रंग राहत नाही. पहिल्या खर्ड्यातली बाई पहिल्याच शब्दाला किंचाळते, त्यामुळे तिला पुढे चढायला पायरीच उरत नाही.

लय हा यातला दुसरा धागा. «आमच्या उसाची नोंद आधी झालेली असूनही पाटलाचा ऊस गेला» हे वाक्य लेखणीचं आहे. बोलणारा माणूस «असूनही» म्हणत नाही, दोन गोष्टी शेजारी ठेवतो: नोंद आमची आधी, आणि फड गेला पाटलाचा. पहिल्या तुकड्यात क्रियापदच नाही, दुसऱ्यात ते «पाटलाचा»च्या आधी आलं आहे, आणि जोर नेमका «आमची» आणि «पाटलाचा» यांवर पडतो. «तुरा आलाय उसाला» यातही ज्याची चिंता आहे ते आधी आलं. तिसरी लकब म्हणजे समोरच्याचा शब्द उचलून परत करणं. तो म्हणतो «टोळीच नाही», ती तोच शब्द थंडपणे म्हणते आणि मग प्रश्न टाकते. असे संवाद मोठ्याने वाचून पाहावेत. एका दमात न संपणारं वाक्य सापडलं की तिथे बहुधा लेखकच बोलत असतो.

«की», «बघ», «वो», «रं» हे शेपटाचे शब्द मात्र जपून वापरावेत. वरच्या सात ओळींत «वो» आणि «रं» एकेकदाच आले आहेत, आणि त्यांनी आदराची दोन टोकं दाखवली आहेत. प्रत्येक वाक्याला शेपूट जोडलं की त्यातला अर्थ जातो आणि नुसता ठेका उरतो.

आणखी एक सापळा म्हणजे सगळ्या गावांची मिळून एकच «ग्रामीण» भाषा करणं. «काय करतोस?» हा प्रश्न कागलला «काय करालायस?» होतो, वऱ्हाडात «काय करून राहिला?» आणि मालवणात «काय करतंस?» «मला» वऱ्हाडात «मले» होतं, मालवणीत «माका». कोल्हापूरच्या मावशीच्या तोंडून एकदा वऱ्हाडी «काऊन» निघालं की तिचं गाव पुसलं गेलं. म्हणून लिहायच्या आधी तालुका ठरवावा आणि तिथल्या माणसांचं बोलणं ऐकावं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यातली ध्वनिमुद्रणं कान तयार करायला उपयोगी आहेत. लिहून झाल्यावर त्या भागातल्या माणसाला संवाद वाचून दाखवावा, पण «बरोबर आहे का?» असं विचारू नये. भिडेपोटी लोक हो म्हणतात. «ही बाई कुठली असेल?» असं विचारावं. उत्तर «सिनेमातली» असं आलं, तर परत लिहायला बसावं.

सोंग झालंय की नाही हे घरबसल्या तपासायचा एक मार्ग आहे. संवाद प्रमाण मराठीत उतरवून बघा. «पाटलांच्या फडात काय भुतं तोडत होती?» यातला टोला शाबूत राहतो, कारण तो बाईच्या डोक्यातून आला आहे. पहिला खर्डा प्रमाण भाषेत आणला तर उरते ती साधी तक्रार. त्यातलं हसू फक्त उच्चारांचं होतं.

एवढं करूनही एक अंतर राहतंच. चिटबॉय आणि मावशी बोलीत बोलतात, पण «तो वहीत बघत राहिला» हे सांगणारा प्रमाण भाषेतला आहे. उद्धव शेळक्यांच्या «धग»मध्ये (1960) माणसं वऱ्हाडीत बोलतात आणि निवेदन प्रमाण मराठीत चालतं. आनंद यादवांनी «गोतावळा»त (1971) निवेदनच बोलीत केलं आणि हे अंतर मिटवलं. दोन्ही वाटांची किंमत वेगळी आहे. पहिल्या वाटेवर निवेदक गावाकडे बाहेरून बघतो आहे असं वाटण्याचा धोका असतो. दुसरीवर बोलीला केवळ भांडण-विनोद पेलून भागत नाही, वर्णन आणि विचारही तिलाच पेलावे लागतात, आणि बाहेरच्या वाचकाला पहिली काही पानं सावकाश वाचावी लागतात. कोणत्या गोष्टीला कोणती वाट मानवते, हे पुढच्या लेखांकात निवेदकाच्या भाषेविषयी बोलताना पाहू.