दोन पेपरांमधले ४६ तास

दहावीच्या परीक्षेत २०२५ साली गणित भाग १, म्हणजे बीजगणिताचा पेपर ५ मार्चला होता आणि भूमितीचा ७ मार्चला. पहिला पेपर दुपारी १ च्या सुमारास संपला, दुसरा तिसऱ्या दिवशी सकाळी ११ वाजता सुरू झाला. मधे जवळजवळ ४६ तास. या ४६ तासांत काय करावे, हा प्रश्न दरवर्षी अंधेरी-बोरिवलीपासून घाटकोपर-मुलुंडपर्यंत घरोघरी पडतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते : रात्री जागायचे आणि सगळे पुस्तक पुन्हा एकदा वाचून काढायचे. हे उत्तर चुकीचे का आहे, ते पाहू.

आधी भीतीकडे वळू. ‘सगळे येत होते, पण पेपर हातात आल्यावर काहीच आठवेना,’ ही तक्रार प्रत्येक शिक्षकाने ऐकलेली असते. ती सबब नसते. एखादे उदाहरण सोडवताना आपण काही गोष्टी मनात तात्पुरत्या धरून ठेवतो. या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी तीन-चार गोष्टीच मावतात. समजा, मनोऱ्यापासून २० मीटर अंतरावरून त्याच्या टोकाचा उन्नत कोन ६० अंश दिसतो. अंतर, कोन, कोणते गुणोत्तर घ्यायचे आणि त्याची किंमत, एवढ्यानेच जागा भरली. त्यात ‘हे चुकले तर माझे काय होईल?’ हा विचार शिरला, तर यांपैकी काहीतरी बाहेर पडते. ज्ञान गेलेले नसते, ते मांडायला पाट उरलेला नसतो. म्हणून तयारी दोन बाजूंनी करावी लागते : माहिती सहज आठवेल अशी पक्की करायची आणि काळजीने अडवलेली जागा मोकळी करायची.

माहिती पक्की कशाने होते? अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांनी एक उतारा वाचला. नंतर काहींनी तो पुन्हा वाचला, तर काहींनी पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५ टक्के. पण दोन दिवसांनी पारडे फिरले. वाचणाऱ्यांना ५४ टक्के आठवले, लिहून पाहणाऱ्यांना ६८ टक्के. आपले ४६ तास म्हणजे जवळजवळ हेच दोन दिवस. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ‘येते आहे’ असा भास होतो. तो भास परीक्षागृहात फुटतो, आणि नेमकी तिथेच भीती दाटून येते.

दुसरी गोष्ट झोप. झोपेत मेंदू दिवसभरात शिकलेले पुन्हा उजळतो आणि टिकाऊ स्मृतीत बसवतो, असे आज मानले जाते. हे फुकटचे काम जागरणाने बंद पडते. शिवाय अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशी लक्ष उडते आणि क्षुल्लक गोष्टीचीही धास्ती वाटते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी, असे तज्ज्ञ सांगतात. परीक्षेच्या आठवड्यात निदान साडेसात तास तरी मोडू नयेत.

आता हे प्रत्यक्षात मांडू. समजा, घाटकोपरच्या एका खोलीच्या घरात राहणारी एक मुलगी आहे. बुधवारी पेपर संपला की तिने मैत्रिणींशी उत्तरे ताडून पाहू नयेत. झालेले बदलत नाही, काळजी मात्र वाढते. घरी जेवून अर्धा तास पडावे. त्याहून जास्त झोपल्यास गाढ झोपेतून उठल्यामुळे डोके जड होते आणि रात्रीची झोप लांबते.

चार ते आठ, मधे अर्धा तास सुट्टी घेऊन, पुस्तक मिटून बसावे. भूमितीची प्रकरणे सात : समरूपता, पायथागोरसचे प्रमेय, वर्तुळ, भौमितिक रचना, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती आणि महत्त्वमापन. प्रत्येकासाठी एक कोरा कागद घेऊन प्रमेये व सूत्रे आठवून लिहावीत, मग पुस्तकाशी ताडून पाहावीत. पूर्ण आठवले तिथे बरोबरची खूण, अर्धवट तिथे फुली, कोरे राहिले तिथे गोल. आता ‘सगळेच राहिले आहे’ या धूसर भीतीच्या जागी, समजा, ‘वर्तुळ आणि रचना ही दोन प्रकरणे राहिली आहेत’ असे नेमके वाक्य येते.

गुरुवारी सकाळी सात ते साडेनऊ फक्त फुल्या आणि गोल. अकरा ते एक एक जुनी ४० गुणांची प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून, परीक्षेच्याच वेळी. चार ते सात त्यातल्या चुका. नऊनंतर नवे काही नाही. प्रवेशपत्र, कंपासपेटी आणि पेने पिशवीत भरून ठेवावीत. दोन्ही रात्री साडेदहाला झोप, सकाळी सहाला उठणे. शुक्रवारी सात ते साडेआठ फक्त सूत्रांचे कागद.

हिशेब करू : झोप १५ तास, अभ्यास साडेबारा तास, आणि जेवणखाण व प्रवास यांना साडेअठरा तास उरतातच. झोपेने अभ्यासाची वेळ खाल्लेली नाही. एका खोलीच्या घरात साडेदहाला दिवा आणि टीव्ही बंद करणे मात्र घरातल्या सर्वांच्या हाती आहे. पालकसभेत शिक्षकांनी हे एकच सांगितले तरी पुष्कळ होईल. चहा संध्याकाळी पाचनंतर नको. त्यातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात.

इतके करूनही परीक्षागृहात छाती धडधडली तर? इथे श्वास उपयोगी पडतो. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात, सोडताना मंद. हे वर्गात करून पाहता येते : मनगटाची नाडी धरून सावकाश श्वास घ्या व सोडा, ठोक्यांमधले अंतर बदललेले कित्येकांना बोटाला कळते. म्हणून सोडण्याचा काळ लांबवायचा. मनात चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्यावा, सहा आकडे मोजत सोडावा. मिनिटाला सहा श्वास होतात. तीन ते पाच मिनिटे पुरतात. मोठे आणि भराभर श्वास मात्र घेऊ नयेत. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटून बोटांना मुंग्या येतात, चक्कर येते, आणि घाबरलेला मुलगा आणखी घाबरतो. ही पद्धत आठ दिवस आधीपासून रोज केलेली असली तरच ऐन वेळी आठवते.

पेपरच्या आधी दहा मिनिटे आपल्या काळज्या कागदावर लिहून काढाव्यात, असाही उपाय आहे. शिकागो विद्यापीठातील रामिरेझ आणि बायलॉक यांना २०११ साली त्याचा चांगला फायदा आढळला होता. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पुनर्प्रयोगात तो दिसला नाही. ज्याला बरे वाटते त्याने करावे, भरवसा त्यावर ठेवू नये.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. लागोपाठ काही रात्री झोप नाही, अन्न जात नाही, ‘जगण्यात अर्थ नाही’ अशी भाषा येते, तेव्हा वेळापत्रक आणि श्वास पुरे पडत नाहीत. शिक्षकाने त्या मुलाला एकटे सोडू नये, पालकांना कळवावे, डॉक्टरांकडे न्यावे. ‘टेलीमानस’ची १४४१६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा मराठीतही बोलते. हा क्रमांक परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारीच फळ्यावर लिहून ठेवावा.