भाऊची माऊ

तिसरीच्या वर्गात हस्ताक्षराला गुण देण्याचा आमचा जुना तक्ता अगदी सरळ होता. वळण, अंतर, आकार आणि वेग, प्रत्येकाला पाच गुण, एकूण वीस. फळ्यावर उतारा लिहायचा, दहा मिनिटं द्यायची, वह्या गोळा करायच्या. मीही अनेक वर्षं तेच केलं. एकदा दोन वह्या योगायोगाने शेजारीशेजारी उघडल्या आणि तक्त्यातली गोम लक्षात आली.

एक वही मागच्या बाकावरच्या मुलाची होती. उतारा निम्माच झालेला, खाली पान कोरं. मी त्याला वळणाला तीन, अंतराला तीन, आकाराला तीन आणि वेगाला एक असे दहा गुण दिले होते. दुसरी वही खिडकीजवळच्या मुलीची. तिचा उतारा पूर्ण, पान भरगच्च. तिला तीन, तीन, तीन आणि पाच, म्हणजे चौदा. मग मी मुलाच्या पानाचा कोरा भाग पट्टीने झाकला आणि त्याने लिहिलेल्या ओळी तेवढ्या वाचल्या. अक्षर मोत्यासारखं. मग वळणाला तीनच का? कारण माझी नजर कोऱ्या जागेवर अडकली होती. वेगाचे चार गुण मी वेगाच्या रकान्यात कापलेच होते, वर उरलेल्या तीनही रकान्यांत त्याच गुन्ह्याची शिक्षा पुन्हा दिली होती.

तेव्हापासून वेग वेगळा मोजायचा आणि बाकी तिन्हींच्या बेरजेत तो कधीच धरायचा नाही, असं ठरवलं. वेग मोजूच नये असं मात्र नाही. चौथी-पाचवीत गेल्यावर हेच मूल फळ्यावरचं उतरवताना मागे पडतं, त्याचा गृहपाठ अर्धा राहतो, आणि तोवर कारण शोधायला कुणालाच फुरसत नसते. मोजायचा तो कारण कळावं म्हणून.

त्यासाठी मी एक छोटा उतारा तयार केला: ‘भाऊ घरी आला. त्याने धान्य मोजले. माऊ खांबामागे बसली. आई म्हणाली, थांब.’ साहित्य म्हणून त्यात काही नाही, पण भ, म, घ, ध, ख, थ, ब ही घोळ घालणारी मंडळी झाडून हजर आहेत. काना-मात्रेसकट एक अक्षर आणि जोडाक्षरही एकच, असं मोजलं की 29 अक्षरं होतात. सोमवार ते रविवार हे सात वार ओळीने लिहिले तर त्यातही 29च भरतात, आणि ते मुलांना पाठ असतात. हा योग पुढे उपयोगी पडला.

लिहायला बसण्याआधी मुलांना एवढंच सांगायचं की उतारा संपला तर पुन्हा पहिल्यापासून लिहा, बाई थांबा म्हणेपर्यंत. मी घड्याळ बघून दर मिनिटाला ‘रेघ’ म्हणते. ज्या अक्षरावर पेन्सिल असेल त्याच्यापुढे मुलं एक बारीक तिरपी रेघ मारतात आणि लिहिणं चालू ठेवतात. अशी चार मिनिटं. ज्यांचा उतारा एकदाही पूर्ण झाला नसेल त्यांनी तो नंतर सावकाश पुरा करायचा.

यातली खरी गंमत वर्गातल्या शांततेत आहे. नेहमी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच ‘बाई, झालं!’ अशी आरोळी उठते, मग दुसरी, मग दहावी. ज्याचं झालेलं नसतं त्याचा हात त्या प्रत्येक आरोळीला दचकतो. इथे कुणाचंच ‘झालं’ होत नाही, त्यामुळे कोण पुढे आणि कोण मागे हे फक्त वहीतल्या रेघांना ठाऊक असतं.

वह्या घरी आणल्या की आधी सगळ्यांच्या फक्त वळणाचे गुण द्यायचे, मग सगळ्यांच्या अंतराचे, मग आकाराचे. एकाच मुलाचे तिन्ही रकाने एका दमात भरले तर पहिल्या रकान्याचं मत पुढच्या दोघांत झिरपतं. नावाचा कोपरा दुमडून ठेवलेला बरा. आपण कितीही म्हटलं तरी नाव दिसलं की हात बदलतो.

वळणासाठी माझ्याकडे एक जुनं पोस्टकार्ड आहे. त्याला मधोमध एक उभी खिडकी कापली आहे, मात्रा आणि उकारासकट एकच अक्षर दिसेल एवढी. ती पहिल्या 29 अक्षरांवरून सरकवायची आणि प्रत्येक अक्षर एकटं वाचता येतं का ते बघायचं. पूर्ण शब्द वाचताना आपलं डोकं मुलाच्या चुका आपोआप दुरुस्त करत असतं. खिडकीतून ती सोय राहत नाही. सहकारी शिक्षकाने, तेही उतारा न वाचता, हे केलं तर उत्तमच. लिओनार्ड आयर्स या अमेरिकन संशोधकाने 1912 साली शाळकरी मुलांच्या अक्षराची मोजपट्टी बनवली, तेव्हा अक्षर दिसायला किती देखणं यापेक्षा ते वाचणाऱ्याला किती वेळ लागतो यावर त्याने भर दिला होता. घड्याळ वाचणाऱ्याच्या हातात द्यायची ही कल्पना मला आजही पटते.

तर खिडकीजवळच्या त्या मुलीची 29 पैकी 23 अक्षरं वाचता आली. न आलेल्या सहांपैकी तीन होती भा, धा आणि थां. तिने भाऊची ‘माऊ’ केली होती, धान्याचं ‘घान्य’ आणि थांबचं ‘यांब’. तिन्हींचं मूळ एकच निघालं. शिरोरेषा आपण अक्षराची टोपी समजतो, पण भ, ध आणि थ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे मोडलेली असते आणि म, घ, य यांच्या डोक्यावर ती सलग असते. फरक मुख्यतः तेवढाच. ही मुलगी आधी अख्खं वाक्य लिहायची आणि शेवटी झपकन एकच लांब रेघ ओढायची. तिच्या वेगाचं अर्धं रहस्य तिथेच होतं. चौथं न आलेलं अक्षर खां होतं. त्यातल्या खच्या दोन भागांत एवढी फट होती की ‘रवांब’ वाचलं जात होतं. उरलेले दोन ब, त्यांच्या पोटातली तिरकी रेघ घाईत राहून गेली आणि त्यांचे व झाले.

त्याच लांब रेघेने तिचं अंतरही खाल्लं होतं. देवनागरीत शब्दातली अक्षरं रेघेने धरलेली असतात आणि दोन शब्दांमध्ये रेघ तुटते. नुसती जागा सोडून भागत नाही. तिने शब्दांमध्ये बोटभर जागा सोडली होती, पण वरून सलग पूल बांधला होता. याच्या उलट काही मुलं प्रत्येक अक्षराला आपापली तोकडी रेघ देतात, मग एकाच शब्दाचे तुकडे दिसतात. म्हणून अंतर बघताना मी रेघा कुठे तुटल्या ते मोजते. प्रत्येक वाक्यात शब्द किती आणि रेघेचे तुकडे किती, एवढं जुळलं की झालं.

आकाराचं फार नाटक करू नये. अक्षर मोठं की लहान हा प्रश्नच नाही, एकसारखं आहे का एवढंच बघायचं. या उताऱ्यात म चार वेळा येतो: मोजले, माऊ, खांबामागे आणि म्हणाली. त्यातला शेवटचा अर्धा सोडून उरलेले तीन पट्टीने मोजायचे. सर्वांत मोठा म सर्वांत लहान म च्या दीडपटीहून जास्त नसेल तर मी पूर्ण गुण देते. दुरेघी वहीत बहुतेकांचं जमतं, एकेरीत गेल्यावर गडबडतं.

आता मागच्या बाकावरचा मुलगा. खिडकीतून त्याची 28 अक्षरं वाचता आली. रेघांमधली अक्षरं मोजली तर चार मिनिटांत 9, 9, 8, 9. मुलीची 24, 25, 22, 21. म्हणजे तो तिच्या निम्म्याहूनही हळू. पण आकडे नीट बघा. तिचे शेवटी उतरतात, त्याचे जवळपास स्थिर आहेत. हात दुखत असता तर चौथ्या मिनिटाला ते घसरले असते.

दुसऱ्या दिवशी वर्गाला वार लिहायला सांगितले, पाठ असलेले, फळ्याकडे न बघता. मुलीचा वेग मिनिटाला 26 आला, म्हणजे फारसा फरक नाही. त्याचा 14 आला. तेवढीच 29 अक्षरं, तोच हात, आणि वेग दीडपट. मग मी उतारा एका कागदावर लिहून त्याच्या वहीशेजारी ठेवला. 13. नंतर फळ्यावरून लिहिताना त्याच्याकडे नुसतं बघत बसले. भ लिहिला, मान वर. काना दिला, मान वर. ऊ शोधला, मान खाली. तो शब्द उतरवत नव्हता, एकेक चिन्ह वाहून आणत होता. डोळे तपासायला सांगितले. त्यांत काही निघालं नाही. त्याचं वाचनच अजून अक्षर लावत चाललं होतं. औषध हस्ताक्षराच्या तासात नव्हतं, वाचनाच्या तासात होतं. शिवाय तो प्रत्येक अक्षराची शिरोरेषा लगेच देत होता. शब्द पुरा करून मग रेघ द्यायची, भ-ध-थ आले की जरा मोडायची, एवढं त्याला दाखवलं.

वारही संथ आले असते तर वाट वेगळी होती. मग एक मिनिट नुसत्या फुल्या मारायला सांगायच्या. इंग्लंडमध्ये 2007 साली आलेल्या लेखनवेगाच्या एका चाचणीत असा नुसत्या चिन्हांचा भाग आहे, आणि तिथेही ‘छान लिही’ व ‘भरभर लिही’ हे दोन वेगळे नमुने घेतात. फुल्याही संथ असतील, बोटांची पेरं पांढरी पडत असतील, मनगट झटकलं जात असेल, तर तो शिक्षकाचा प्रांत उरत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवावं लागतं. त्या चाचणीतले इंग्रजी आकडे मात्र आपल्या मुलांना लावू नयेत. एक इंग्रजी अक्षर आणि आपलं एक ‘म्ह’ यांत हाताला पडणारे कष्ट सारखे नाहीत. त्या मुलाच्या 9ची तुलना त्याच्याच पुढच्या आकड्याशी करायची.

हा 9 मी त्याच्या वहीत लिहिला नाही. वेगाचे आकडे माझ्या टाचणवहीत राहतात. मुलांच्या वहीत तीन रकान्यांचे गुण आणि खाली एकच ओळ. त्याच्या वहीत ‘आधी शब्द, मग रेघ’ आणि तिच्या वहीत ‘भ, ध, थ यांची टोपी मोड’. पालकसभेला तिच्या आईने विचारलं, “बाई, एवढं भरभर लिहिते, तरी गुण कमी कसे?” मी वही पुढे केली आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. त्यांनी वाचलं, “माऊ घरी आला,” आणि स्वतःच हसल्या.

एक भांडण मात्र अजून मिटलेलं नाही. 2009च्या शासननिर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण ठरवले. आमच्याकडे वीटभट्टीवरच्या कुटुंबांतली मुलं हिंदी शाळेतून येतात आणि दंडाचा ल लिहितात. सहकारी म्हणतात, गुण कापा. माझ्या खिडकीतून तो ल स्वच्छ वाचता येतो, म्हणून मी कापत नाही, शेजारी पाकळीचा ल काढून देते. त्या मुलाचा आकडा दिवाळीनंतर फळ्यावरून 12 झाला. मागच्या बाकावरून त्याला मी अजून हलवलेलं नाही, कारण त्याला तिथेच बसायचंय.