‘का?’ला गुण देणारी प्रश्नपत्रिका

‘प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणजे काय? कारणे, लक्षणे आणि परिचर्या लिहा.’ नर्सिंगच्या विद्यार्थिनींना अशा धर्तीचे प्रश्न तोंडपाठ असतात आणि उत्तरंही. नॉर्मल डिलिव्हरीनंतर २४ तासांत ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाणं ही व्याख्या, मग चार कारणं, मग बारा मुद्द्यांची परिचर्या. पानं भरतात, गुण मिळतात. तीच मुलगी पुढे रात्रपाळीला लेबर रूममध्ये उभी असते. बाईची नाडी चढत चाललेली असते आणि ती नोंदवहीत लिहिते, ‘बीपी नॉर्मल’. व्याख्या तिला आजही येते. समोरच्या बाईत ती व्याख्या ओळखायला मात्र तिला कुणी शिकवलेलं नसतं, आणि परीक्षेतही ते कधी विचारलेलं नसतं.

हे विचारण्याची पद्धत आहे आणि ती नवी नाही. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरांच्या परीक्षेत गेल्या शतकातच एकाच रुग्णाची हकिगत टप्प्याटप्प्यानं उलगडणारे प्रश्न आले. अमेरिकेत परिचारिकेचा परवाना देणाऱ्या एनक्लेक्स परीक्षेनं १ एप्रिल २०२३ पासून असे संच सक्तीचे केले. एक रुग्ण, सहा प्रश्न. खुणा ओळखा, त्यांचा अर्थ लावा, सर्वांत संभाव्य आणि तातडीचं काय ते ठरवा, उपाय सुचवा, कृती करा, परिणाम तपासा, असा त्यांचा क्रम असतो. अमेरिकेत नोकरीला जाणाऱ्या आपल्याकडच्या सिस्टरनाही हीच परीक्षा द्यावी लागते.

असा संच कसा बांधतात ते एका काल्पनिक रुग्णावरून पाहू. एकूण गुण २०, पायऱ्या पाच.

सुनीता, वय २६, दुसरी खेप, ग्रामीण रुग्णालय. पहाटे २.१० वाजता नॉर्मल डिलिव्हरी, बाळ ३.६ किलो. बाळ होताच ऑक्सिटोसिनची १० युनिट दिली. २.१८ला वार पडली, ती पूर्ण आहे. २.५०ची नोंद अशी: नाडी १०४, बीपी ११२/७४, १५ मिनिटांत एक पॅड पूर्ण भिजलं, गर्भाशय हाताला मऊ लागतं, बेंबीच्या दोन बोटं वर आणि उजवीकडे सरकलेलं आहे. लघवी सहा तासांपूर्वी झाली होती. चेहरा थकलेला, बाई म्हणते, ‘झोप येतेय.’

पहिली पायरी, ४ गुण: यातल्या सर्वांत काळजीच्या दोन नोंदी निवडा आणि प्रत्येकीचं कारण द्या. नोंदीला एक गुण, कारणाला एक. प्रश्नात ‘दोन’ म्हटलं आहे, म्हणून पहिल्या दोनच तपासायच्या. ही अट फार महत्त्वाची आहे. ती नसली की मुली सगळ्याच नोंदी उतरवून काढतात, त्यात बरोबर दोन सापडतातच आणि निवड केल्याचं श्रेय फुकट जातं. एनक्लेक्समध्ये ‘लागू असेल ते सर्व निवडा’ अशा प्रश्नात चुकीच्या निवडीला गुण वजा होतात, तेही याचसाठी.

समजा, एकीनं लिहिलं: ‘रक्तस्राव होत आहे. बीपी, नाडी तपासावी, धीर द्यावा, डॉक्टरांना कळवावे.’ दुसरीनं लिहिलं: ‘पॅड १५ मिनिटांत भिजलं, म्हणजे रक्त नेहमीपेक्षा वेगानं जातंय. नाडी १०४ आहे. बीपी चांगला दिसत असला तरी शरीर नाडी वाढवून तो टिकवत असेल.’ पहिलीला एक गुण, दुसरीला चार. पहिलीचं एकही वाक्य चूक नाही, पण ते कुठल्याही बाळंतिणीला लागू पडतं; सुनीताबद्दल तिनं फारसं काही सांगितलेलं नाही.

दुसरीचं निरीक्षण बारकाईनं समजून घेण्यासारखं आहे. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे डिलिव्हरीनंतर बरंच रक्त गेलं तरी बीपी लगेच पडत नाही, आधी नाडी चढते. नाडीला वरच्या बीपीनं भागलं की जो आकडा येतो त्याला शॉक इंडेक्स म्हणतात. बाळंतिणीत तो ०.९च्या वर गेला की सावध व्हायचं. सुनीताचा १०४ भागिले ११२, म्हणजे ०.९३. बीपीकडे एकट्याकडे पाहणाऱ्याला हे दिसतच नाही. संच तयार करणाऱ्यानं ११२/७४ मुद्दाम ठेवला आहे.

दुसरी पायरी, ४ गुण: रक्तस्रावाचं सर्वांत संभाव्य कारण कोणतं? कोणत्या दोन नोंदी त्याला आधार देतात, आणि कोणती एक नोंद दुसऱ्या कारणाच्या विरोधात जाते? वार सुटल्यावर तिथल्या रक्तवाहिन्यांची तोंडं गर्भाशयाचे स्नायू आवळून बंद करतात. इथे गर्भाशय मऊ आहे, म्हणजे आवळणं सैल पडलंय. ते वर आणि उजवीकडे सरकलंय, लघवी सहा तास झालेली नाही; भरलेलं मूत्राशय त्याला ढकलतंय आणि आकुंचन पावू देत नाही. वार पूर्ण पडली आहे, त्यामुळे वारेचा तुकडा आत राहिल्याची शक्यता कमी होते. कारणाला एक गुण, आधाराच्या प्रत्येक नोंदीला एक, विरोधी नोंदीला एक. ‘गर्भाशयाची शिथिलता’ एवढंच पाठ केलेलं उत्तर चारपैकी एकावर थांबतं.

तिसऱ्या पायरीला ५ गुण आहेत: पहिल्या पाच मिनिटांत काय कराल ते क्रमानं लिहा आणि मूत्राशय रिकामं करण्याला तुमच्या क्रमात ती जागा का दिली ते सांगा. हाक मारून मदत बोलवायची, बाईला सोडून जायचं नाही. पोटावरून गर्भाशय चोळायचं. कॅथेटर घालून मूत्राशय रिकामं करायचं. जाड सुईनं शीर घेऊन सलाईन आणि लेखी प्रोटोकॉलप्रमाणे ऑक्सिटोसिन सुरू करायचं. कृतींना तीन गुण, क्रमाच्या कारणाला दोन. इथे नमुना उत्तरात एकच क्रम छापून ठेवला की अन्याय होतो. दोघी सिस्टर असतील तर एक चोळते आणि दुसरी शीर घेते; एकटी असेल तर क्रम बदलतो. कारण पटण्यासारखं असेल तर दोन्ही क्रमांना पूर्ण गुण, ही सूचना परीक्षकाच्या कागदावर आधीच लिहिलेली हवी.

इथपर्यंतचे कागद गोळा करायचे आणि मगच पुढचं पान द्यायचं. या पानावर वेळ ३.०५: कॅथेटरमधून ७०० मिलिलिटर लघवी आली. गर्भाशय आता घट्ट, मध्यभागी, बेंबीच्या खाली. तरीही ताजं लालभडक रक्त संथपणे सुरूच आहे. नाडी ११८, बीपी ९८/६०. हे पान आधीच हातात असतं तर दुसऱ्या पायरीचं उत्तर त्यातून सरळ उचलता आलं असतं. बऱ्याच संचांचं घोडं इथेच अडतं. सगळ्या पायऱ्या एका पानावर छापल्या जातात आणि विद्यार्थिनी शेवटून वाचायला सुरुवात करतात.

चौथ्या पायरीचा प्रश्न, ४ गुण: तुमचं आधीचं मत आता टिकतं का? या संचातला हा सर्वांत मोलाचा प्रश्न. गर्भाशय घट्ट झालं तरी रक्त थांबत नाही, म्हणजे योनिमार्गात किंवा गर्भाशयाच्या मुखाशी फाटलं असण्याची शंका घ्यायला हवी. चांगला उजेड धरून तपासणी, डॉक्टर, टाके. शॉक इंडेक्स आता १.२ झाला आहे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड १ ग्रॅम शिरेतून, दहा मिनिटांत सावकाश. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वुमन’ चाचणीनंतर ते या उपचाराचा भाग झालं, आणि ते डिलिव्हरीपासून तीन तासांच्या आत द्यायचं असतं. सुनीताला मुदत ५.१०पर्यंत, आणि जितकं लवकर तितकं बरं. हे औषध एखादीनं तिसऱ्याच पायरीत लिहिलं असेल तरी तिचे गुण कापायचे नाहीत. मात्र ‘गर्भाशय चोळत राहावे’ एवढंच लिहिणाऱ्या मुलीनं नवी माहिती वाचली आहे, पण तिचं मत बदललेलं नाही. तिला चारपैकी फार तर एक.

पाचवी पायरी, ३ गुण: डॉक्टर घरी आहेत, फोनवर अर्ध्या मिनिटात काय सांगाल? कोण बोलतंय आणि कुणाबद्दल, काय घडलं, आकडे काय, आणि आता त्यांनी काय करावं अशी तुमची मागणी. मागणी नसलेल्या फोनला पूर्ण गुण नाहीत. ‘सर, पेशंट सिरियस आहे’ एवढं ऐकून डॉक्टरांना निघायचं की सल्ला द्यायचा ते कळत नाही.

अशा संचात एक अन्याय दडलेला असतो. दुसऱ्या पायरीत कारण चुकलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या चुकत जातात आणि एका चुकीची शिक्षा चार वेळा होते. म्हणून गणिताच्या पेपरात एक बेरीज चुकली तरी पुढची रीत बरोबर असेल तर गुण देतात तशी तरतूद इथेही करतात. दुसऱ्या पायरीत ‘फाटलंय’ म्हणणाऱ्या मुलीनं तिसरीत तपासणीला प्राधान्य दिलं, तर ती तिच्या विचाराशी सुसंगत आहे. तिचे कारणाचे दोन गुण शाबूत. पण याला मर्यादा हवी. मदत न बोलावणं, मऊ गर्भाशय न चोळणं आणि बाईला एकटं सोडणं या तीन गोष्टी कुठल्याही तर्कात बसत नाहीत. त्यातली एक जरी घडली तरी तिसऱ्या पायरीला पाचपैकी दोनच्या वर गुण द्यायचे नाहीत, आणि हे विद्यार्थिनींना आधी सांगून ठेवायचं.

कारणांना गुण द्यायचे तर परीक्षकांमध्ये फरक पडणारच. दोघांनी आधी त्याच दहा उत्तरपत्रिका वेगवेगळ्या तपासाव्या आणि जिथे दोनपेक्षा जास्त गुणांची तफावत दिसेल तिथे नमुना उत्तर दुरुस्त करावं. मग सगळ्यांची पहिली पायरी, नंतर सगळ्यांची दुसरी, अशी तपासणी करावी. एकाच मुलीचा पूर्ण पेपर एका बैठकीत वाचला की तिच्या सुरुवातीच्या छान उत्तराचा प्रभाव पुढच्या कच्च्या उत्तरावर पडतो. एनक्लेक्सनं ही अडचण संगणकावर दुसऱ्या रीतीनं सोडवली आहे. ‘रुग्णाला अमुक धोका आहे, कारण तमुक’ अशा वाक्यातल्या दोन्ही रिकाम्या जागा बरोबर असल्या तरच एक गुण, एकच बरोबर असेल तर शून्य.

कागदावरच्या संचानं हाताची परीक्षा होत नाही. मऊ गर्भाशय आणि घट्ट गर्भाशय यांतला फरक बोटांनाच कळावा लागतो, त्यासाठी मॉडेलवर किंवा वॉर्डात वेगळी तपासणी हवीच.

नर्सिंग कॉलेजातल्या शिक्षकांनी या सत्रात असा एक तरी संच स्वतः लिहून पाहावा. आपल्याच वॉर्डात घडलेली एक रात्र घ्यावी, नाव, गाव, तारीख बदलावी, आकडे खरे ठेवावेत. विद्यार्थिनींना देण्याआधी वॉर्डातल्या दोन अनुभवी सिस्टरना तो सोडवायला द्यावा. त्या दोघींची उत्तरं जुळली नाहीत, तर आधी प्रश्न दुरुस्त करावा.