गोठ्यावर कुठला पत्रा घालावा?

शेडचा पत्रा घेताना बहुतेक जण दुकानात जाऊन चौरस फुटाचा भाव विचारतात आणि तिथेच फसतात. पत्रा वरून पावसाने खराब होतो तसा खालूनही होतो. म्हणून शेडखाली काय राहणार, हे आधी ठरवायला हवं. अवजारं किंवा मोटारसायकल ठेवायची असेल तर चांगला जस्ताचा पत्रा स्वस्त पडतो, हलका असतो आणि पुरेसाही होतो. दोन गायींचा गोठा असेल, आणि तोही कोकणात, तर गणित बदलतं. इथे तोच गोठा घेऊ : बारा फूट रुंद, पंधरा फूट लांब, एकपाखी, चार फुटांना एक फूट उतार.

जस्ताच्या पत्र्यावरचं जस्त ग्रॅममध्ये मोजतात. बाजारात ‘एकशेवीस जीएसएम’ म्हणून मिळणाऱ्या पत्र्यात एक चौरस मीटरला दोन्ही बाजू मिळून १२० ग्रॅम जस्त असतं, म्हणजे एका बाजूला जेमतेम आठ-नऊ मायक्रॉनचा थर. २७५ जीएसएमच्या पत्र्यात हाच थर दुपटीहून जाड असतो. दुकानदार गेज सांगतो. गेज म्हणजे पत्र्याची जाडी, जस्ताची नव्हे. जाड पत्र्यावरही पातळ जस्त असू शकतं, म्हणून दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात.

गोठ्यात या जस्ताचा शत्रू छपराखालीच असतो. शेण आणि मूत कुजताना अमोनिया सुटतो. जनावरांच्या श्वासाने हवा दमट असते आणि पावसाळ्यात रात्री पत्रा गार झाला की त्याच्या खालच्या अंगाला पाण्याचे थेंब धरतात. त्या थेंबांत अमोनिया विरघळतो आणि जस्त खाऊ लागतो. खालून पत्र्यावर पांढरी भुकटी दिसली तर समजावं की जस्त संपत चाललंय. त्यानंतर दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात आणि आडव्या नळीला पत्रा टेकतो तिथे तांबूस गंज दिसतो, कारण ओल तिथेच अडकते. वरून पत्रा तोवर चकचकीत दिसत असतो. ॲल्युमिनियम-जस्त मिश्रणाचा मुलामा असलेला पत्रा उघड्यावर जास्त टिकतो हे खरं, पण अमोनियापुढे तोही नीट टिकत नाही.

म्हणून या गोठ्यासाठी माझी पसंती सिमेंटच्या पत्र्याला आहे. तो गंजत नाही, पावसात फार वाजत नाही, आणि खालून थेंबही कमी धरतो. मात्र बिगर-ॲस्बेस्टॉसचाच घ्यावा. ॲस्बेस्टॉसच्या धुळीने कर्करोग होतो आणि असे पत्रे आपल्याकडे अजूनही सर्रास विकले जातात. दिसायला दोन्ही सारखेच करडे, त्यामुळे पत्र्यावरचा छापा वाचावा. ‘आयएस ४५९’ हे मानक ॲस्बेस्टॉस सिमेंटच्या नालीदार पत्र्यांचं आहे. ‘आयएस १४८७१’ हे इतर तंतू वापरलेल्या पत्र्यांचं. बिलावरही बिगर-ॲस्बेस्टॉस असं लिहून घ्यावं.

सिमेंटच्या पत्र्याची खरी किंमत सांगाड्यात मोजावी लागते. पत्रा साधारण तीन मीटरपर्यंतच लांब मिळतो. आपल्या गोठ्याला दोन्हीकडे फूटभर वळचण धरून उतारावर सव्वाचौदा-साडेचौदा फूट लांबी लागेल, म्हणजे सव्वादोन मीटरचे दोन पत्रे, मध्ये पंधरा सेंटिमीटर एकमेकांवर चढवलेले. रुंदीत पाच ओळी धरल्या तर दहा पत्रे होतात. त्यांचं वजन सव्वातीनशे किलोच्या आसपास भरतं. तेवढंच छप्पर जस्ताच्या पत्र्याचं केलं तर शंभर-सव्वाशे किलोंत होतं आणि पूर्ण लांबीचा अखंड पत्रा मिळाल्याने मधला सांधाही टळतो. सहा मिलिमीटरच्या सिमेंटच्या पत्र्याला खालच्या आडव्या नळ्यांमध्ये १.४ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. वरची, खालची आणि सांध्याखालची अशा तीनच नळ्या टाकल्या तर मधलं अंतर पावणेदोन मीटरच्या वर जातं. म्हणून दोन्ही गाळ्यांत आणखी एकेक घालून पाच नळ्या लागतात. फॅब्रिकेटर चार सांगेल, कारण एकूण लांबीला १.४ ने भागलं की चार येतात. पण त्या चारांतली एकही सांध्याखाली येत नाही.

बसवताना दोन गोष्टींवर उभं राहून लक्ष ठेवावं. पावसाळी वारा पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून आडव्या ओळीची सुरुवात पूर्वेच्या टोकापासून करावी, म्हणजे सांध्याचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला राहतं. आणि जिथे चार पत्र्यांचे कोपरे एकत्र येतात तिथे मधल्या दोन पत्र्यांचे समोरासमोरचे कोपरे तिरके छाटायचे असतात. ते न छाटता चारही थर एकावर एक दाबले की पत्रा उचललेला राहतो, बोल्ट आवळताच तडकतो आणि पहिल्याच पावसात नेमकं तिथून गळतं. भोक पन्हळीच्या उंचवट्यावरच पाडावं, खोलगट भागात कधीही नाही. ते बोल्टपेक्षा थोडं मोठं असावं आणि हातोडा-खिळ्याने न ठोकता ड्रिलने पाडावं. जे-हुक आधी सैल लावून सगळी ओळ बसली की मग बेताने आवळावेत.

आता पॉलिकार्बोनेट. अख्खं छप्पर त्याचं केलं तर मार्च-एप्रिलमध्ये गोठ्याची भट्टी होईल. पण पाच ओळींपैकी एका ओळीतला एक पत्रा दुधी पॉलिकार्बोनेटचा घातला तर दिवसा दिवा लागत नाही आणि ओली जागा चटकन दिसते. त्याची पन्हळ सिमेंटच्या पन्हळीला तंतोतंत जुळणारी हवी, म्हणून तुकडा सोबत नेऊन लावून पाहावा. हा पत्रा उन्हाने लोखंडाच्या पाचपटीहून जास्त फुगतो : सव्वादोन मीटरचा पत्रा चाळीस अंशांच्या फरकात जवळजवळ सहा मिलिमीटर वाढतो. भोक घट्ट पाडलं की काही महिन्यांतच त्याभोवती चिरा दिसतात. त्यामुळे भोक बोल्टपेक्षा चांगलं मोठं आणि वॉशर रुंद ठेवावा. अतिनील किरणांपासून वाचवणारा थर बहुतेक पत्र्यांना एकाच बाजूला असतो आणि ती बाजू वरच्या पातळ फिल्मवर छापलेली असते. फिल्म आधी काढून टाकली आणि पत्रा उलटा लागला, तर तो लवकर पिवळा पडून कडक होतो. फिल्म काढण्याआधी कोपऱ्यावर पेन्सिलने खूण करावी. पुढे धुताना साबणाचं पाणीच वापरावं, थिनर लागू देऊ नये.

माझ्या निवडीलाही एक मर्यादा आहे. आवारात वानरांची ये-जा असेल किंवा छपरावर नारळ वाकलेला असेल, तर सिमेंटचा पत्रा वर्षभरात फुटेल. अशा जागी जस्ताचाच घ्यावा, पण २७५ जीएसएमचा, खालच्या बाजूलाही रंगाचा थर असलेला. आणि वरच्या भिंतीच्या डोक्याशी फूटभर मोकळी पट्टी सोडावी, म्हणजे ओलसर हवा बाहेर पडेल. ती पट्टी कुठलाही पत्रा असला तरी सोडाच.

सिमेंटचा आणि पॉलिकार्बोनेटचा, दोन्ही पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. दुरुस्तीला चढताना दोन-तीन नळ्यांवर टेकणारी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. आणि जुना ॲस्बेस्टॉसचा पत्रा उतरवायचा असेल तर तो आधी पाण्याने भिजवा, अखंड खाली घ्या, आणि त्याला ग्राइंडर कोणालाही लावू देऊ नका.