तेंदूच्या पानांवरचा मक्ता

भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ)ने प्रत्येक नागरिकाला कोणताही पेशा, व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. सार्वजनिक हितासाठी या स्वातंत्र्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. पण एखादा धंदा सरकारने संपूर्णपणे स्वतःकडे घेतला आणि बाकीच्यांना त्यातून बाहेर काढले, तर तो निर्बंध म्हणायचा की बंदी? घटना लागू झाल्यावर लगेचच हा प्रश्न न्यायालयात आला, तो एसटी गाड्यांच्या निमित्ताने.

उत्तर प्रदेश सरकारला काही मार्गांवर फक्त सरकारी बस चालवायच्या होत्या. खासगी बसमालक न्यायालयात गेले, आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल सरकारच्या विरोधात लागला. राष्ट्रीयीकरणाच्या वाटेत अशी अडचण उभी राहिल्यावर संसदेने जून १९५१मध्ये पहिली घटनादुरुस्ती करून अनुच्छेद १९(६)मध्ये भर घातली. राज्य स्वतः किंवा आपल्या मालकीच्या महामंडळामार्फत एखादा धंदा चालवेल, नागरिकांना त्यातून पूर्णतः किंवा अंशतः वगळेल, तरी तसा कायदा या स्वातंत्र्याआड येत नाही, असे त्यात म्हटले होते. मात्र उत्तर प्रदेशाचा नवा परिवहन कायदा या दुरुस्तीच्या आधीचा होता. त्यामुळे सगीर अहमद खटल्यात १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो रद्दच ठरवला. जन्मतः अवैध असलेल्या कायद्याला नंतरची दुरुस्ती जिवंत करू शकत नाही, असे न्यायालयाचे म्हणणे होते.

दुरुस्तीचा खरा अर्थ ठरला तो विडीच्या पानांवरून. आपल्याकडे टेंभुर्णी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या झाडाची ही पाने. ओडिशात त्यांना केंदू म्हणतात. ओरिसा सरकारने १९६१ साली कायदा करून ही पाने विकत घेण्याचा आणि वाहून नेण्याचा हक्क स्वतःकडे, आपल्या अधिकाऱ्यांकडे आणि नेमलेल्या एजंटांकडे ठेवला. खरेदीचा भावही सरकारच ठरवणार होते. संबळपूर जिल्ह्यातील अकदसी पाढान यांच्या स्वतःच्या जमिनीवर केंदूची झाडे होती. आपल्याच जमिनीतली पाने आपण हव्या त्या गिऱ्हाइकाला विकू शकत नाही, ही त्यांची तक्रार होती.

डिसेंबर १९६२मधला हा निकाल साताऱ्याचे न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. त्यांनी कायद्याचे दोन भाग पाडले. मक्तेदारी उभी राहण्यासाठी ज्या तरतुदी मुळातच अटळ आहेत, त्यांना दुरुस्तीचे संरक्षण आहे. त्यांचा वाजवीपणा वेगळा तपासायचा नाही. आनुषंगिक तरतुदी मात्र नेहमीच्याच कसोटीला उतरल्या पाहिजेत. खरेदी सरकारपुरती मर्यादित करणारे कलम पहिल्या गटात बसले. भाव ठरवण्याचे कलम दुसऱ्या गटातले होते, तरी ते वाजवी ठरले. कायदा टिकला.

पण एजंटांचा करार टिकला नाही, आणि निकालाचा सर्वांत टोकदार भाग तोच आहे. करारात शब्द ‘एजंट’ असा होता. प्रत्यक्षात तो माणूस सरकारला ठरलेली रक्कम देऊन मोकळा होई आणि पुढचा नफा-तोटा त्याचा असे. न्यायालयाने हिशेबाच्या बाजूने पाहिले: जोखीम कोणाची, नफा कोणाच्या खिशात जातो, जाब कोणाला द्यावा लागतो? तिन्हींचे उत्तर ‘एजंट’ असेल, तर धंदा सरकार करत नसून सरकारने निवडलेला व्यापारी करत आहे. इतरांना बाहेर ठेवून एका व्यापाऱ्याला मक्ता देण्याची मुभा दुरुस्तीने दिलेली नाही.

सरकारने यातून धडा घेतला, पण अर्धवट. १९६८च्या हंगामासाठी जुन्या कंत्राटदारांचीच मुदत वाढवायचे ठरले. ओरड झाल्यावर निविदा मागवल्या, त्याही त्याच जुन्या मंडळींकडून. रासबिहारी पांडा खटल्यात जानेवारी १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडीत काढली. पाने घेण्याची मक्तेदारी वैध असली, तरी ती पाने विकताना सरकारला समानतेचा नियम पाळावा लागतो. ठरावीक व्यापाऱ्यांपुरता दरवाजा उघडा ठेवला की इतरांचा व्यापाराचा हक्क डावलला जातोच, शिवाय चढा भाव मिळण्याची शक्यता संपल्याने तिजोरीचेही नुकसान होते. सार्वजनिक हित हा मक्तेदारीचा आधार म्हटला, तर हे नुकसान त्या आधारालाच पोखरणारे होते.

महाराष्ट्रानेही १९६९ साली वनोपज व्यापार नियमनाचा कायदा करून तेंदूपत्त्याचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली आणला. विदर्भातल्या जंगलांत उन्हाळ्यात सत्तर पानांचे पुडे बांधणाऱ्या मजुरांना त्यातून ठरावीक दर मिळू लागला. पुढे २००६च्या वनहक्क कायद्याने तेंदूपत्ता गौण वनोपजात धरून त्याची मालकी वनहक्कधारकांना दिली. गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा आता स्वतःच पानांच्या विक्रीसाठी निविदा काढतात.