दोन मिनिटांचं आभारप्रदर्शन

छोट्या विमा कार्यालयाचा ग्राहक मेळावा साधारण एकाच वळणाने जातो. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रमुख पाहुण्यांचं भाषण, जुन्या ग्राहकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, आणि शेवटी आभारप्रदर्शन. तोवर नऊ वाजत आलेले असतात, मागच्या बाजूने मसालेभाताचा वास यायला लागलेला असतो आणि मुलं खुर्च्यांवरून उतरलेली असतात. आभार मानणारी व्यक्ती उभी राहते ती अशा वेळी. तिच्या हातात बहुधा नावांची यादी असते. अध्यक्ष, पाहुणे, हॉलचे मालक, मंडपवाले, केटरर, साऊंडवाले, फोटोग्राफर, आणि सर्वांत शेवटी ‘आपण सर्व उपस्थित’. ते ऐकायला येईपर्यंत निम्मी मंडळी हात धुवायला गेलेली असतात.

या कार्यक्रमात हा क्रम मला पटत नाही. गणेशोत्सवात किंवा पुस्तक प्रकाशनात तो चालतो, कारण तिथे समोर बसलेले श्रोते असतात. इथे समोर बसलेल्या माणसांसाठीच कार्यक्रम ठेवलेला असतो. पाहुण्यांच्या स्वागतात कमी पडू नये हे खरं, पण पहिले आभार ग्राहकांचे हवेत. तेही ‘आपला विश्वास हीच आमची पुंजी’ अशा, कापडाच्या दुकानातही चालेल अशा वाक्याने नकोत. विम्याच्या ग्राहकाने नेमकं काय केलं, ते सांगून ते मानायला हवेत.

त्याने तसं बरंच केलेलं असतं. विम्याचा अर्ज भरताना प्रकृतीचे प्रश्न येतात, तेव्हा साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे, वडिलांना हृदयविकार होता, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं. खरं सांगितलं तर हप्ता वाढू शकतो, वैद्यकीय तपासणी मागे लागू शकते. तरीही जो सांगतो, त्याच्या खरेपणावर सगळा करार उभा राहतो. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार आयुर्विम्याची पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाली की कंपनीला ती चुकीच्या माहितीच्या कारणावरून नाकारता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत मृत्यू झाला आणि लपवलेला आजार उघडकीला आला, तर दावा अडतो. मग फेऱ्या मारायची वेळ घरच्यांवर येते. म्हणून अर्जात खरं लिहिणारा ग्राहक स्वतःच्या घरावरचं आणि कार्यालयावरचंही एक मोठं संकट आधीच टाळत असतो.

दुसरी गोष्ट हप्त्याची. दाव्याचे पैसे कार्यालयाच्या कपाटातून येत नाहीत. हजारो लोक दरवर्षी हप्ते भरतात, त्यांचा निधी साठतो, आणि ज्या घरावर प्रसंग येतो त्या घराला त्यातून रक्कम मिळते. म्हणजे हॉलमध्ये बसलेला शिक्षक, टेम्पोवाला, दूध संकलन केंद्र चालवणारी बाई, या सगळ्यांनी मिळून एखाद्या अनोळखी घराला हात दिलेला असतो आणि त्यांना ते माहीतही नसतं. हे त्यांना सांगणं हेच विम्याच्या आभारप्रदर्शनाचं खरं काम आहे, असं मला वाटतं.

पण सांगताना सांभाळून. सर्वांत मोठी चूक इथेच होते. वक्ता भावनेच्या भरात म्हणतो, ‘मागच्या वर्षी आपल्या अमुकभाऊंचं निधन झालं, वहिनींना आपण इतके लाख मिळवून दिले.’ त्या वहिनी तिसऱ्या रांगेत बसलेल्या असतात. आता साऱ्या गावाला त्यांच्या खात्यातली रक्कम कळली. उसने मागायला येणारे येतात, दीर-भावजयीत बोलणं होतं, आणि नवी कुठलीतरी योजना विकायलाही कुणीतरी दारात उभं राहतं. नाव, रक्कम, आजार, यांतलं काहीही माईकवर येऊ नये. छोट्या गावात ‘स्टँडजवळच्या एका ताई’ म्हटलं तरी ओळख पटते, म्हणून तेही नको.

आभार मानता मानता आमिष दाखवणं ही दुसरी चूक. ‘आज इथे पॉलिसी घेणाऱ्याला पहिल्या हप्त्यात सूट’ असं उत्साहात बोललं जातं. कलम 41 प्रमाणे पॉलिसी घ्यायला किंवा चालू ठेवायला प्रलोभन म्हणून हप्त्यात किंवा कमिशनमध्ये सूट देणं हा गुन्हा आहे आणि त्याला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बोनस ‘नक्की इतका मिळेल’ असंही सांगू नये. तो दरवर्षी कंपनी जाहीर करते, माईकवरची व्यक्ती नाही.

समजा, तालुक्याच्या गावातलं एक कार्यालय आहे. एक विमा प्रतिनिधी, त्यांचा मदतनीस आणि हप्ते घेणारी एक ताई. आभार त्या ताईंनी मानावेत, कारण खिडकीपाशी वर्षभर ग्राहकांशी बोलतात त्या. त्यांचं बोलणं असं असू शकेल:

‘नमस्कार. दोन मिनिटं घेते, जेवण तयार आहे. पहिले आभार तुमचे. लावणीच्या दिवसांत चिखलाच्या पायांनी हप्ता भरायला आलात, त्याबद्दल. अर्ज भरताना “ताई, मला शुगर आहे, ते लिहा” असं स्वतःहून सांगितलंत, त्याबद्दल. पावती चुकली तेव्हा येऊन हक्कानं रागावलात, त्यामुळे ती दुरुस्त झाली, त्याबद्दलही. तुम्ही भरलेल्या हप्त्यांतून काही घरांना अवघड दिवसांत पैसे मिळाले. त्यांची नावं मी घेणार नाही, पण त्यांच्या वतीनं मी तुम्हाला नमस्कार करते. डॉक्टरसाहेब दवाखाना लवकर आटोपून आले, त्यांचे आभार. हॉल, मंडप आणि स्वयंपाक सांभाळणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार. एकच विनंती. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि नॉमिनी म्हणून कुणाचं नाव आहे ते बघा. चला, जेवायला बसू.’

संथपणे म्हटलं तरी हे दोन मिनिटांत होतं. मंडपवाले, स्वयंपाकी यांची नावं एकेक करून घेतली नाहीत, कारण यादीत एक नाव राहिलं की तेच लक्षात राहतं. त्यांना दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष भेटून किंवा फोन करून धन्यवाद द्यावेत.

शेवटची विनंती मात्र वगळू नये. लग्नाआधी घेतलेल्या पॉलिसीवर आईचं नाव असतं; पुढे लग्न होतं, मुलं होतात, आई जाते, आणि कागदावरचं नाव तसंच राहतं. नॉमिनी हयात नसेल तर रक्कम कायदेशीर वारसांना जाते, आणि अनेकदा त्यासाठी कोर्टातून वारस दाखला आणावा लागतो. त्यात महिने जातात, वकिलाचा खर्च होतो. नॉमिनी बदलणं मात्र साधं आहे: पॉलिसीधारकाने सही केलेला फॉर्म आणि नव्या नॉमिनीची माहिती कंपनीकडे दिली, नोंद झाल्याचं पत्र आलं, की झालं. मुदत संपण्याआधी हे कधीही करता येतं. म्हणून मेळाव्याच्या आधीच हे फॉर्म मागवून खिडकीपाशी ठेवलेले असावेत, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी चार-दोन माणसं पॉलिसी घेऊन येतातच, आणि त्यांना ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणावं लागू नये.