सळईवर चढत जाणारा कर

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून निघालेली सळई घाऊक व्यापाऱ्याकडे जाते, तिथून भोकरदनच्या दुकानात. मिलने ती 1000 रुपयांना विकली, घाऊक व्यापाऱ्याने 200 आणि दुकानदाराने 300 रुपये चढवले, असे धरू. हिशेब सोपा राहावा म्हणून कर 10 टक्के.

उलाढाल करात प्रत्येकजण पूर्ण विक्रीवर कर भरतो. मिलचे 100 भरून माल 1100 ला जातो. व्यापारी 1300 वर 130 भरतो, माल 1430 होतो. दुकानदार 1730 वर 173 भरतो. घर बांधणाऱ्याला सळई 1903 ला पडते, त्यात कर 403. यातला करावरचा कर फक्त 33 रुपयांचा आहे. खरा बोजा मिलचे तेच 1000 रुपये तीनदा मोजल्याने पडतो. मिलने थेट ग्राहकाला 1500 ला विकले असते, तर कर 150 च झाला असता. म्हणून असा कर मधल्या छोट्या व्यापाऱ्याच्या मुळावर येतो.

महाराष्ट्रात 1 एप्रिल 2005 पासून मूल्यवर्धित कर आला. त्यात व्यापारी 1200 वर 120 आकारतो, पण मिलला दिलेले 100 वजा करून सरकारात 20 भरतो. दुकानदार 150 मधून 120 वजा करून 30 भरतो. एकूण कर 150, ग्राहकाला सळई 1650 ला. 2017 पासूनच्या जीएसटीतही हीच वजावट आहे. मात्र दुकानदाराने पक्के बिल न घेता माल उचलला, तर वजावट बुडते आणि पूर्ण 150 त्यालाच भरावे लागतात.